मागच्या बाजूचे खड्डे

भाकरी तव्यावर उलटली आणि प्रियदर्शिनीचा हात तिथेच थांबला. मागची बाजू! काल ड्रॉइंगवर तिने ती लिहिलीच नव्हती.

तारापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ती ड्रॉइंगं काढायची. कालची जाड स्टील प्लेट म्हणजे पंपाचं झाकण, भोकांनी नुसती चाळण झालेलं. काही भोकांना आटे, काहींना तिरक्या डोक्याच्या स्क्रूसाठी काउंटरसिंक, आणि कडेच्या भोकांना बोल्टचं डोकं बुडावं म्हणून काउंटरबोअर, म्हणजे रुंद गोल खड्डा. हे खड्डे मागून हवे होते. भोकांच्या जागा आणि मापं सांगणारं होल टेबल तिने समोरच्या चित्रावरून लावलं. व्यास बरोबर, खोली बरोबर. पण 'मागच्या बाजूने' एवढं राहिलं. मागचं चित्र तर कागदावर जागा नाही म्हणून तिनेच काढून टाकलं होतं.

प्लेट गिऱ्हाइकाने दिलेली, दुसरी मिळणार नव्हती. तिच्या शेजारी बसणाऱ्या सुजितने अशीच एक वाया घालवली, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी होती.

"अगं, जळली ती!" सासू गोजराबाई ओरडल्या.

"आई, बाकीच्या तुम्ही टाका. मी निघते."

"आणि डबा? घरात आग लागल्यासारखी काय पळतेस?"

सालवडच्या नाक्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत रिक्षावाला हलेना. प्रियदर्शिनी मशीन चालवणाऱ्या महादूला फोन लावत राहिली. तो उचलत नव्हता. मशीन चालू असणार.

ती कारखान्यात पोचली तेव्हा तो मशीनपाशीच होता.

"महादूदादा, थांबवा! काउंटरबोअर घेतले?"

"आताच सुरू केला, ताई. एक झाला."

समोरच्या बाजूवर एक गोल खड्डा चकचकत होता. काय झालंय ते तिने सांगितलं. महादू हळूच म्हणाला, "सायबाला सांगू, मशीन सरकली. तुमचा नाव नाय येनार."

क्षणभर तिला ते हवंसं वाटलं. तेवढ्यात दिग्विजयसाहेब चहाचा कप घेऊन आले.

"सर, माझं ड्रॉइंग चुकलंय," ती म्हणाली.

साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं. "गिऱ्हाइकाला फोन कोण करणार? मी?"

"मी करते."

पलीकडे गिऱ्हाइकाच्या कंपनीतल्या जागृतीमॅडम होत्या. चूक ऐकून त्यांनी विचारलं, "तिथे मागूनही खड्डा घेतला तर मध्ये किती जाडी उरेल?"

"पंचवीसातून नऊ नि नऊ गेले. सात मिलिमीटर."

"विचारून सांगते."

तोवर तिने मागचं चित्र काढलं, त्याला वेगळं टेबल लावलं. मापं जिथून मोजायची तो कोपरा तोच, पण प्लेट उलटल्यावर तो दुसऱ्या हाताला जातो. तिथे तिने ठळक खूण केली. प्रत्येक भोक पुन्हा मोजलं. तेवढ्यात जागृतीमॅडमचा फोन आला.

"चालेल. पण काय चुकलं ते लेखी पाठवा, तुमच्या नावाने."

साहेब एवढंच म्हणाले, "यापुढे माझी सही झाल्याशिवाय कागद खाली मशीनवर जायचा नाही."

महादूने प्लेट उलटली. कटर खाली आला, आणि प्रियदर्शिनीने डोळे गच्च मिटले.

"बघा ना, ताई," महादू म्हणाला, "बरोबर बाजूला हाय."

तिने डोळे उघडले. पण शेवटचा खड्डा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.