रिकाम्या झाडाची उंची

राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती मांडायच्या रचना, शिकवायचो. त्यातली एक म्हणजे झाड: माहितीचा प्रत्येक ठिपका म्हणजे नोड, आणि प्रत्येकाखाली जास्तीत जास्त दोन नोड. रिकाम्या झाडाची उंची मी हट्टानं उणे एक धरायचो. मग एकट्या नोडची उंची शून्य येते. एक विद्यार्थिनी भांडली, "एकटा असला तरी हाय की सर तो! रिकाम्याला शून्य धरा, एकट्याला एक येतंय."

वैतागून मी प्रोग्रॅममध्ये रिकाम्याला शून्य केलं. भरलेल्या झाडातले नोड मोजायचं फळ्यावरचं जुनं सूत्र मात्र तसंच राहिलं: दोनाचा 'उंची अधिक एक' घात, वजा एक. वर एक, खाली दोन अशा तीन नोडच्या भरलेल्या झाडाची उंची आता एकाऐवजी दोन आली आणि सूत्रानं सात नोड निघाले. वर्ग खिदळला. मी घातातलं 'अधिक एक' पुसलं आणि तीन आले.

संध्याकाळी भाड्याच्या खोलीचं कुलूप काढून आत एकटाच शिरलो. माझ्या पद्धतीनं शून्य. त्या दिवशी मी तिच्या पद्धतीनं मोजलं.