दहातली सहा

चाकणच्या आमच्या वाचनवर्गाची खोली महिनाअखेरीस सोडावी लागणार होती. जुन्या देणगीदारांनी हात वर केले होते. आता काय ती एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकार्याला निधी देणाऱ्या समितीपुढची सात मिनिटं उरली होती. संस्था मी काढलेली, तेव्हा बोलायचंही मीच.

सरावाला वर्गात शिकवणाऱ्या ताई मोबाइलवर वेळ लावून बसल्या. संस्था कशी सुरू झाली यातच माझी पाच मिनिटं गेली. नमनालाच घडाभर तेल, असं ताई म्हणाल्या. मी चिडले, पण कापलं. शेवटी एकच गोष्ट उरली: वर्षाच्या सुरुवातीला आमच्याकडे नाव घातलेली, कंपन्यांत कामाला आलेल्यांची मुलं वर्षाअखेरीस दुसरीच्या पातळीचा नवा उतारा वाचतात का? दहातली सहा वाचत होती.

तिथंच आमचं वाजलं. इकडे खोल्यांचे करार अकरा महिन्यांचे. करार संपला की बिऱ्हाड टेम्पोत, आणि पोरं मध्येच निघून जातात. ताईंचं म्हणणं, गेलेल्यांना मोजायचंच नाही, मग दहातली आठ होतात. मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू? पण गेलेली पोरं वाचायला शिकली की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून ती ‘नाही’तच धरायची, यावर मी अडून बसले. ताई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

कंपनीत आमच्या आधी बोललेल्या संस्थेची बहुतेक सगळी मुलं पास होती. माझी दहातली सहा ऐकून टेबलाभोवती कुणी मान वर केली नाही. तरी उरलेल्या चारांत मध्येच गेलेली कशी धरलीत, आणि पैसे मिळाले तर ती पोरं जिथं जातील तिथं जाऊन त्यांचं वाचन कसं तपासू, तेवढं सांगितलं आणि वेळेत बसले.

समितीतले गुणवत्ता विभागाचे साहेब प्रथमच बोलले. “गेलेली पोरं वगळली असती, तर आकडा चांगला दिसला असता ना?”

“हो. आठ झाला असता.”

“मग वगळली का नाहीत?”

“नाव घातलं तेव्हा ती आमचीच होती, साहेब.”

ते शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, “रिजेक्ट झालेला माल लपवणारा सप्लायर आपण ठेवतो का?”

तासाभराने मंजुरी कळली. गेटवर पाहुण्यांचा पास परत करताना मला रडू फुटलं. रखवालदाराने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ताईंना फोन लावला. खोली सोडायची नाही, एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “थांबा, सकाळीच मी फळा उतरवून ठेवला होता. तो आधी लावते.”