कोरडी काच

मुलुंडच्या लॅबमध्ये आमचा एक नियम होता, घरच्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही. म्हणून बाबांच्या बेडक्याची स्लाइड मी रंगवली आणि माझ्या सीनियरच्या हातात दिली. त्यांनी क्षयासाठी 'निगेटिव्ह' लिहिलं. बाबांच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं आणि विषय संपला.

बाबांचा खोकला मात्र संपेना. मी सीनियरना म्हटलं, "परत एकदा बघता का?"

"जंतू दिसले नाहीत, म्हणजे नाहीत," ते म्हणाले. "काचेवरच्या शंभर जागा बघितल्यात मी. तू मला शिकवू नकोस गं."

सगळे हसले. ते हसणं मी जपून ठेवलंय.

दोन महिन्यांत बाबा निम्मे झाले. दुसरीकडे नव्याने तपासणी केली, तर क्षय निघाला. त्या दिवशी मला बाबांची काळजी होती, हे खरं. पण त्याहून जास्त, त्या माणसाची वाट लावायची होती.

जुन्या स्लाइडी फेरतपासणीसाठी डब्यात ठेवलेल्या असतात. क्षयाचे जंतू बघायचे तर काचेवर तेलाचा थेंब टाकून मोठं भिंग त्यात टेकवावंच लागतं. ते तेल उडून जात नाही आणि आमच्याकडे ते कुणी पुसत नाही. डब्यातल्या बाकी काचा चिकट, चकचकीत होत्या. बाबांची कोरडी होती.

भिंगाखाली घालायला हात शिवशिवत होते. पण मी तेल टाकलं असतं तर पुरावाच गेला असता. तशीच कोरडी काच, पूर्ण डब्यासकट, लॅबच्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि सीनियरना बोलावलं.

"शंभर जागा बघितल्या म्हणालात ना?"

"बघितल्याच."

"मग तेल कुठाय?"

"एखादवेळी नसेल दिसत."

"जंतू तर नुसतं बघितलं नाही, तरी दिसत नाहीत. तेल मात्र टाकलं असतं तर दिसलंच असतं."

मॅडमनी काचेवर बोट फिरवून बघितलं, मग स्वतः तेल टाकलं. अकराव्या जागेला त्यांनी मान वर केली आणि मला बघायला लावलं. निळ्यावर लाल काड्या, बारीक, दोन-तीन. क्षयाचे जंतू. सीनियरना त्याच दिवशी काढलं. दारात ते थांबले, बहुतेक काहीतरी बोलायला. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाबा औषधाने बरे झाले. पण उजवं फुप्फुस गेलं ते गेलंच. आमच्या घाटकोपरच्या घरी दुसऱ्या मजल्यावर चढताना ते दोनदा बसतात.

वर्ष झालं. त्या माणसाचा फोन नाही, निरोप नाही. आधी वाटायचं, लाजत असेल, एवढ्यावरून काय ठरवायचं? पण माझा नंबर त्याच्याकडे आहे, घरही माहीत आहे, आणि मधल्या काळात नव्या नोकरीसाठी शिफारस मागायला तो मॅडमना चार वेळा भेटून गेला. ज्याला वाईट वाटलं असतं, तो एकदा तरी बोलला असता. त्याला वाईट वाटलेलं नाही.

पाचव्यांदा आला तेव्हा मॅडमनी मला विचारलं, "देऊ का गं शिफारस?"

मी काहीच बोलले नाही. त्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला; शिफारस त्यांनी दिली नाही.