घरच्या गाडीला कुठं पैसे पडतात

वाशीच्या खाडीपुलावर मी माझ्या भाच्याच्या थोबाडात चप्पल हाणली, तेव्हा मी सत्तर वर्षांची होते. म्हणजे तरुणच. आता एकाहत्तरावं लागलंय, जरा अक्कल आलीय, म्हणून सांगते.

आमच्या विट्याकडची निम्मी घरं सोनं गाळायच्या धंद्यात दक्षिणेला पांगलेली. माझी थोरली बहीणही नवऱ्यामागं कोइमतूरला गेली ती तिकडचीच झाली. तिचा मुलगा, हा भाचा, तेवढा गावी शेती बघत राहिला. एका दुपारी फोन आला की ती दवाखान्यात आहे, डॉक्टर एक-दोन दिवसांचं बोलतात, बघायचं तर निघा.

दुसऱ्या दिवशीचं पुण्याहून सरळ विमान मिळेना. मुंबईची दोन होती, दोन्ही तीनच्या सुमाराला सुटणारी. एक जुन्या विमानतळावरून, एक नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून. जुन्याचं तिकीट माणशी चौदाशेनं स्वस्त.

भाचा म्हणाला, "मावशे, नवं घ्यू. पनवेलात उतरलं की अर्ध्या तासात दारात. जुन्याला तिथनं म्होरं आणि चाळीस किलोमीटर हाय, कवा दीड तास, कवा तीन. डिझेल येगळं. चौदाशे त्यातच जात्यात."

पण मी म्हणजे कोण. घरात हिशेब माझा शेवटचा. म्हणाले, "घरची गाडी हाय, तिला कुठं पैसं पडत्यात? माझा धाकटा सोडंल की." आमच्याकडं घरच्या गाडीचं डिझेल भाजीतल्या मिठासारखं, ते कोणी मोजत नाही. आणि गाडी हाकणाऱ्या पोराचा वेळ तर त्याहून फुकट. दोन तिकिटांमागं अठ्ठावीसशे वाचवले, या आनंदात तेव्हाच्या त्या बाईनं, म्हणजे मी, छान झोप काढली. आज ती समोर दिसली तर तिचा अंबाडा धरून फिरवीन.

पहाटे निघालो. खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा, तिथं तास गेला. कळंबोलीला साडेबारा झाले. नव्या विमानतळाची पाटी उन्हात मागं गेली आणि भाचा मान वळवून ती दिसेनाशी होईस्तोवर बघत राहिला. वाशीच्या पुलावर गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पुढं काहीतरी धडकलं होतं. सव्वा वाजला, दीड वाजला, खाली खाडीचं पाणी तेवढं हलत होतं.

माझ्या धाकट्यानं, तोंडाला आवर नसलेल्यानं, मागं वळून म्हटलं, "दादा, आता नख खाऊन काय व्हणार हाय? मावशीचं जे व्हायचं ते व्हईल."

भाच्यानं मागच्या सीटवरून त्याच्या नाकावर ठोसा घातला. डोकं स्टिअरिंगवर आपटलं, हॉर्न वाजत राहिला. धाकटा रक्त थुंकत उतरला, मागचं दार उघडून त्यानं भाच्याला गळा धरून बाहेर ओढलं. दोघं पुलाच्या कठड्यावर. एकानं दुसऱ्याचा कान दातात धरला, दुसऱ्यानं गुडघा पोटात घातला. शर्ट फाटले. आजूबाजूचे लोक मोबाईल धरून उभे. धाकट्याची मान कठड्याबाहेर गेली तशी मी उतरले आणि भाच्याच्या गालावर चप्पल मारली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तर हात चांगला बसला, हे कबूल करते.

भाच्यानं पकड सोडली. गालावर चपलेच्या तळाची नक्षी उमटलेली. रडत नव्हता.

"तुमच्या चौदाशेपायी माझी आई चालली," म्हणाला.

"बस गाडीत," मी म्हणाले.

"तू बस. घरची हाय नव्हं?"

शेजारून गाड्यांच्या फटीतून निघालेल्या मोटारसायकलवाल्याला त्यानं हात जोडले. त्या बिचाऱ्यानं असला फाटका, रक्ताळलेला माणूस मागं घेतला, हीच नवलाची गोष्ट. भाच्याकडं सामान नव्हतं, बोर्डिंग पास फोनमध्ये होता. मी हाक मारली. वळला नाही.

गेट बंद व्हायच्या जरा आधी तो आत शिरला, हे नंतर कळलं. आम्ही पोचलो तेव्हा विमान उडालं होतं. धाकटा नाकात कापूस घालून पार्किंगचे पैसे भरत होता. मी दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं, चौपट भावाचं, आणि या वेळी नव्या विमानतळावरून. सकाळी त्या विमानतळाच्या दारात उभी असताना भाच्याचा फोन आला. बहीण गेली होती.

मी विचारलं, "काही बोलली का?"

"बोलली. तू कुठं हाईस म्हणून इचारत हुती."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, वाशीच्या पुलावर अडकलीय."