कडेला उभा केलेला ट्रक

नळदुर्गहून मी ज्या पेपरला बातम्या पाठवतो, त्याच्या डेस्कवरचा उपसंपादक लांबलेली बातमी वाचत बसत नाही, खालून छाटतो. म्हणून महत्त्वाचं ते वर घ्यायचं आणि ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’चं जोडकाम असलेली वाक्यं ठेचून एकात बसवायची. यात माझा हात चांगला बसलाय, आणि त्याचा मला गर्वही होता.

हायवेवर अपघातात एक ट्रकचालक गेला. माकणी गावचा. दुसऱ्या दिवशी त्याची बायको दिराला घेऊन माझ्या घरी आली. गावात बोललं जात होतं, की तो पिऊन पडला होता आणि गाडी क्लीनरनं कडेला घेतली. तिला एवढंच हवं होतं, की खरं ते छापून यावं. उद्या पोरं मोठी होतील, तेव्हा त्यांना दाखवायला काहीतरी हातात पाहिजे, असं ती म्हणाली.

मी अपघाताच्या जागेजवळच्या धाब्यावर विचारून आलो आणि लिहिलं: टायर पंक्चर झालं तेव्हा चालकाने ट्रक रस्त्याच्या कडेला उभा केला. त्याने इंडिकेटर सुरू ठेवला. तो टायर बदलत होता, तेव्हा जो कंटेनर पाठीमागून भरधाव आला, त्याने त्याला धडक दिली आणि तो जागीच ठार झाला.

एवढं कोण घेणार? शेपूट गेलं असतं. मग केलं: ‘इंडिकेटर सुरू ठेवून कडेला उभ्या केलेल्या ट्रकचे पंक्चर झालेले टायर बदलणाऱ्या चालकाचा पाठीमागून भरधाव आलेल्या कंटेनरच्या धडकेत जागीच मृत्यू झाला.’ एक वाक्य. डेस्कने एक शब्दही कापला नाही. मी खूश होतो, खोटं कशाला सांगू.

ती पेपर घेऊन पुन्हा आली. ‘उभ्या केलेल्या’वर बोट ठेवून तिनं विचारलं,

“कुणी उभा केला?”

मी म्हणालो, त्यांनीच.

“ते यात कुठं हाय? गावातबी हेच इचारत्यात. म्हणत्यात, बघा, पेपरातबी तसं न्हाय लिवलेलं.”

मला आधी तिचाच राग आला. बातमीत चूक नव्हती. डेस्कला फोन लावला, तर तिकडूनही तेच. चूक नाही, म्हणजे खुलासाही नाही. फोन ठेवला तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली. ‘केलेला’ म्हटलं की करणारा गळतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्याच्याच जोरावर तर मी शब्द वाचवत आलोय.

मग कोऱ्या कागदावर आधीची सगळी वाक्यं लिहून दिली. चालकाने ट्रक उभा केला. त्याने इंडिकेटर सुरू ठेवला. तो टायर बदलत होता.

तिनं अक्षर न् अक्षर लावून वाचलं. डोळे पुसले.

“हे खरं हाय,” ती म्हणाली. “पर दादा, हे छापलेलं न्हाय ना.”

आणि कागद तिथंच टेबलावर ठेवून ती उठली.