गिलाव्यातला बोल्ट

आमच्या गल्लीतला डिशवाला तोंडाचा भारी फटकळ. वारा सुटला की आमच्या टीव्हीचं चित्र जायचं, म्हणून त्याला गच्चीवर बोलावलं.

"डिश जरा फिरवून द्या," मी म्हटलं.

"फिरवून काय डोंबल होणार? खांबच डुगडुगतोय!" त्याने कठड्यावरचा क्लॅम्प धरून ओढला, तर अँकर बोल्ट गिलाव्यासकट हातात आला. भिंतीत तो धड शिरलाच नव्हता. "कुठल्या गाढवाने बसवलं हे?"

"तुमच्याच धाकट्या भावाने. म्हणाला, दादा असंच बसवतो."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. जुनी भोकं सोडून त्याने कठड्याच्या काँक्रीटमध्ये खोल भोकं पाडली, धूळ फुंकून काढली, बोल्ट करकचून आवळले. खांब ओळंब्यात सरळ उभा केला आणि मगच सिग्नल मोजायचा मीटर लावून डिश वळवली. चित्र आलं, पण त्याने तिकडे पाहिलंही नाही. तो कठड्यावरून खाली वाकला. खाली शेजारची पोरं खेळत होती.

त्याने भावाला फोन लावला.

"उद्या तुझ्या गच्चीवर डिश बसवतो. अगदी तुझ्याच पद्धतीने. बरोब्बर तिच्याखाली तुझ्या लेकीचा पाळणा आणून ठेव."