टीव्हीवरची पाळी

माझं माहेर शिरूरचं. नोकरीसाठी मी दौंडला टेलिफोन एक्स्चेंजला आले आणि एका खोलीत भाड्यानं राहिले. गावात माझं मन रमलं नाही. गाड्यांचे भोंगे, यार्डातला धूर, आणि संध्याकाळी करायचं काय, तर घरमालकिणीच्या शेजारी बसून टीव्ही बघायचा. अशात बाजारपेठेतल्या एका ट्रस्टच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, वाचन मंडळ सापडलं. सापडलं नसतं तर मी बदली मागून कधीच पळाले असते.

मंडळ चालवायचे आबा. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, बायको गेलेली, मुलगी शिरूरला दिलेली. दुपारी चार वाजले की खोली उघडायची, कपाट पुसायचं, बाकावर बसायचं. कोणी येवो न येवो. त्या खोलीवाचून त्यांचं घर खायला उठायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं.

मंडळाची पद्धत अशी की महिन्याला एक पुस्तक निवडायचं. प्रत एकच. म्हणून पाळी लागायची: ह्यानं चार दिवस वाचायचं, मग दुसऱ्याकडे द्यायचं, आणि शेवटच्या रविवारी सगळ्यांनी बसून बोलायचं. पाळीचा कागद आबा खोलीच्या दाराला चिकटवायचे. पुस्तक कोणाकडे अडकलंय हे त्या कागदावरून कळायचं आणि भांडणंही त्यावरूनच व्हायची.

मग एका बैठकीला ट्रस्टचे अप्पा वर आले. चहा घेतला, कपाटाकडे बघितलं आणि सरळ बोलले.

"आबा, इथं तीच ती सहा-सात माणसं. कॉम्प्युटर क्लासवाले खोली मागत्यात. पुढच्या महिन्याच्या बैठकीला नवी माणसं दिसली तर तुमची खोली तुम्हाला. न्हाई दिसली तर मला काय बोलू नका."

आबा म्हणाले, "व्हय." अप्पा गेल्यावर मात्र बराच वेळ कपाटाची चावी हातात फिरवत बसले.

जाहिरात केबलवर द्यायची ही कल्पना माझी. त्या काळात आमच्या केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. दुपारचा सिनेमा संपला की त्यावर गावातल्या जाहिराती चालायच्या. हलणारं काही नाही, नुसती चित्रं, एकामागून एक, सगळी संपली की पुन्हा पहिल्यापासून. साडीचं दुकान, दातांचा दवाखाना, ट्यूशन, वाढदिवसाच्या शुभेच्छा. घरमालकीण ती सिनेमाइतक्याच मन लावून बघायची. केबलवाल्याला आबांविषयी आदर होता. त्यानं एक मिनिट फुकट दिलं, रोज, बैठकीच्या रविवारपर्यंत.

डीटीपीच्या दुकानात बसून मी चार चित्रं करून घेतली. पहिल्यावर मंडळाचं नाव, रविवार, वेळ, पत्ता. दुसऱ्यावर त्या महिन्याचं पुस्तक, एका जहाजावरच्या खलाशांची जाडजूड कादंबरी, आणि तिच्याविषयी दोन ओळी. तिसऱ्यावर वेळापत्रक: पुस्तक कधी कोणाकडे, चर्चा कधी. चौथं माझं लाडकं होतं. 'नवीन वाचकांचे मनापासून स्वागत. पुस्तक वाचले नसले तरी चालेल. नुसते ऐकायला या.' त्याला मी पिवळी फुलांची चौकट लावून घेतली होती.

तिसऱ्या चित्रात नावं नकोत, असं मी आधीच बजावलं होतं. कोण ऐकतंय! टीव्हीवर आपलं नाव येणार म्हटल्यावर एकेकाला उकळ्या फुटल्या. एकानं नावापुढे 'सर' लावायला सांगितलं, एकीनं सासरचं आणि माहेरचं अशी दोन्ही आडनावं. दाराला कागद लागतोच, मग टीव्हीला लागला तर बिघडलं कुठं, असं सगळ्यांचं म्हणणं. आबाही म्हणाले, "लावू दे. तेवढीच हौस." मी तोंड मिटलं.

पहिल्याच दिवशी घरमालकिणीकडे बसून मी ते बघितलं आणि बरं वाटलं. चारही चित्रं नीट वाचून होत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघते तर नावांचं चित्र हलेचना. ठाण मांडून बसलं होतं. मग पिवळी चौकट आली, 'नवीन' एवढं वाचेपर्यंत गेली, आणि साडीचं दुकान सुरू झालं.

मी तशीच केबलवाल्याच्या ऑफिसात गेले. तो कॉम्प्युटरपुढे बसलेला.

"ताई, तुमच्याच लोकांनी सांगितलं," तो म्हणाला. "म्हणाले, आमची नावं वाचून हुईपर्यंत जात्यात, जरा जास्त येळ ठिवा. मिनिट तर एकच हाय. मग शेवटच्यातनं येळ काढला. त्यात काय तारीख न्हाई, टाइम न्हाई. कामाचं काय हुतं त्यात?"

मी आबांकडे गेले. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "राहू दे," म्हणाले, "माणसं नाराज हुतील. येणारा येतोच." मला त्यांचा राग आला. असलेली माणसं जपायच्या नादात येणारी घालवायची, ही आपली जुनी खोड. पण ज्याची खोली जाणार होती तोच राहू दे म्हणाल्यावर मी कोणाशी भांडणार?

रविवारी आबांनी मांडववाल्याकडून जादा खुर्च्या आणवल्या. धुतलेला शर्ट घातला. पाण्याचा माठ भरून ठेवला. आम्ही तीच माणसं, तीच कादंबरी. जिन्यावर पाऊल वाजलं की आबा बोलता बोलता थांबायचे आणि दाराकडे बघायचे. शेवटी वाजलं ते अप्पांचं. त्यांनी दारातूनच रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि ते खाली गेले.

महिनाअखेर खोली गेली. पुस्तकं शिरूरच्या एका शाळेनं घेतली. आबाही मुलीकडे शिरूरला गेले. दौंडात आता त्यांना दुपारी चारला उघडायला खोली नव्हती.

पुढे एकदा दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी रेल्वे कॉलनीतली एक बाई होती. मी नंबरासाठी नाव सांगितलेलं तिनं ऐकलं असावं; मला निरखत म्हणाली, "तुम्ही त्या पुस्तकवाल्या ना? टीव्हीवर नाव यायचं तुमचं."

"हो."

"मग आता दुसऱ्यांचा नंबर कवा लागायचा?"

मला कळेना. तिनंच सांगितलं. त्यांच्या लायनीतल्या चौघी-पाचजणी रोज दुपारी सिनेमा संपल्यावर ती यादी बघत बसायच्या. नावं आहेत म्हणजे तेवढ्याच जागा, त्या भरल्या, आता यादी बदलेल तेव्हा आपण नाव द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"त्यानंतर एक पिवळं चित्र यायचं," मी म्हणाले.

"व्हय, यायचं. फुलांचं. कुणाच्या तरी वाढदिवसाचं आसंल म्हणलं."

मंडळ बंद झालं, असं मी तिला सांगितलं. "आगं बाई," म्हणाली आणि तिचा नंबर आला, ती आत गेली.

सुट्टीला शिरूरला गेले की मी आबांकडे जायची. जावयाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असायचे. समोर पुस्तक नसायचं. दर वेळी एकच विचारायचे, आणि त्या दवाखान्यानंतरच्या खेपेलाही विचारलं.

"आपल्या मागं कुणी चौकशी केली का गं? कोण नवीन?"

त्या बाया माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. टीव्हीपुढे बसलेल्या, यादी बदलायची वाट बघणाऱ्या.

"नाही आबा," मी म्हणाले. "कोणीच नाही."

आबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"बरं," ते म्हणाले. "म्हंजी आपलं काय चुकलं न्हाई."